डोक्याच्या तेलाचे डाग: अभ्रे, भिंत आणि सोफ्याची पाठ यांचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकमधील एका जुन्या गृहसंस्थेत राहणाऱ्या पाच जणांच्या कुटुंबाचे हे प्रकरण आहे. घरात सत्तरी ओलांडलेल्या आजी, त्यांचा मुलगा, सून आणि दोन शाळकरी नाती. ओळख पटू नये म्हणून नावे आणि काही घरगुती तपशील वगळले आहेत. डागांशी संबंधित तपशील मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत. कापडाची निगा हा माझ्या अध्यापनाचा विषय असल्यामुळे आजींच्या सुनेने मला घरी बोलावले होते आणि पुढचे काही महिने मी हे काम जवळून पाहिले.

या घरात तीन प्रकारची तेले वापरात होती आणि पुढे सारे काही याच गोष्टीवर अवलंबून राहिले. आजी घरी कढवलेले तेल लावत. खोबरेल तेलात माका, जास्वंदीची पाने आणि थोडी मेथी घालून ते मंद आचेवर उकळलेले असे आणि त्याला गडद हिरवट रंग येत असे. मुलगा बाजारातले सुवासिक आवळा तेल वापरत असे, ज्याच्या बाटलीवर घटकांच्या यादीत पहिलेच नाव मिनरल ऑइलचे, म्हणजे खनिज तेलाचे होते. नातींच्या लांब केसांना दर शनिवारी रात्री साधे खोबरेल तेल चोपडले जाई आणि रविवारी सकाळी न्हाणे होई. सून स्वतः फारसे तेल लावत नसे.

डाग तीन ठिकाणी होते. उशांचे पांढरे आणि फिकट रंगाचे अभ्रे मधोमध पिवळट, काही ठिकाणी हिरवट झाले होते आणि कपाटातून काढलेल्या धुतलेल्या अभ्र्यालाही खवट वास येत होता. आजींचा दिवाण ज्या भिंतीला लागून होता, तिथे बसल्यावर डोके टेकते त्या उंचीवर दोन लंबगोल काळपट डाग पडले होते. बैठकीतल्या कापडी सोफ्याच्या पाठीवर, मुलगा संध्याकाळी जिथे टेकून बसे तिथे, कापड गडद आणि चिकट झाले होते.

अडचण

डाग काढण्याचे प्रयत्न झाले नव्हते असे नाही. अभ्रे दर आठवड्याला यंत्रात थंड पाण्यावर धुतले जात, त्याआधी धुणे करणाऱ्या मावशी त्यांना वडीचा साबण घासत. पिवळेपणा जाईना म्हणून पांढऱ्या अभ्र्यांवर क्लोरीनचे ब्लीच वापरले गेले. त्याने सुती अभ्र्यांचा रंग काही दिवस उजळला, पण कापड विरविरीत झाले आणि वास तसाच राहिला. सुती-पॉलिस्टर मिश्र कापडाच्या अभ्र्यांवर तर काहीच फरक पडला नाही. शेवटी सगळे अभ्रे कडक इस्त्री होऊन कपाटात जात.

भिंतीची कथा अधिक खर्चाची होती. भिंतीला आधी डिस्टेंपर होता. कुणीतरी ओल्या फडक्याने धुण्याची पावडर लावून डाग पुसला, तेव्हा डिस्टेंपर फडक्याला आला आणि दोन वेगळे डाग मिळून एक मोठा फिसकटलेला पट्टा तयार झाला. दसऱ्याआधी रंगाऱ्याने त्या जागी थोडी पुट्टी ओढून दोन हात इमल्शन मारले. दिवाळीत भिंत स्वच्छ दिसली. संक्रांतीच्या सुमारास त्याच जागी पिवळसर छाया वर आली आणि नखाने खरवडल्यावर नव्या रंगाचा पापुद्रा सहज सुटू लागला. रंगाऱ्याने आणखी दोन हात मारून देण्याची तयारी दाखवली. मला बोलावणे आले ते या टप्प्यावर.

डाग कोणता, हे ठरवणे

काही वापरण्याआधी डाग वाचणे आवश्यक होते आणि त्यात एक दुपार गेली. सर्व अभ्रे उन्हात, इस्त्रीशिवाय वाळवून खिडकीच्या उजेडासमोर धरले. जिथे कापडात अजून तेल होते, तिथे कापड किंचित पारदर्शक दिसत होते. ओल्या कापडात हा फरक दिसत नाही, म्हणून धुतल्याबरोबर ‘डाग गेला’ असे वाटते आणि वाळल्यावर तो पुन्हा दिसू लागतो. संशय असलेल्या जागी पाण्याचा थेंब टाकला की, स्वच्छ कापड तो लगेच शोषून घेते आणि तेलकट कापडावर तो गोल होऊन काही क्षण टिकतो.

या पाहणीतून तिघांचे डाग वेगळे निघाले. नातींच्या अभ्र्यांवरचा डाग पिवळा, कडक आणि खवट वासाचा होता. खोबरेल तेल बहुतांशी संतृप्त असल्यामुळे इतर वनस्पती तेलांच्या मानाने उशिरा पिवळे पडते. पण त्यात टाळूचा नैसर्गिक स्निग्धांश आणि घाम मिसळलेला असतो, त्यावर महिनोन्महिने हवा आणि इस्त्रीची उष्णता लागते, आणि मग तोच थर धाग्याला घट्ट धरून बसतो. आजींच्या अभ्र्यावर याखेरीज माक्याचा आणि पानांचा हिरवा रंगही होता. मुलाचा डाग मात्र पारदर्शक, ओशट आणि जवळजवळ बिनवासाचा होता. खनिज तेल खवट होत नाही. सोड्याशी त्याचा साबणही बनत नाही, त्यामुळे नुसत्या धुण्याच्या सोड्यात कितीही वेळ भिजवले तरी ते जागचे हलत नाही. त्याला तेल धरून ठेवणारा फेसाळ द्रवच लागतो.

थंड पाण्याचा मुद्दाही येथेच सुटला. खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठते. नाशिकच्या थंडीत सकाळी गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी त्यापेक्षा बरेच गार असते. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत हे कुटुंब अभ्र्यातले तेल धुण्याऐवजी धाग्याधाग्यात गोठवत होते. हे सांगितल्यावर आजी म्हणाल्या, ‘‘बाटलीतलं तेल थिजतं तेव्हा आपण ती उन्हात ठेवतो; अभ्र्यातल्या तेलाचा विचार कुणी केला नाही.’’

भिंतीबाबत आणखी एक खात्री करायची होती. डोके टेकण्याच्या जागेवरची छाया ओलीची तर नाही ना? ओल पावसाळ्यात पसरते, तिच्या कडेला पांढरे क्षार फुलतात आणि ती सहसा खालून किंवा कोपऱ्यातून चढते. येथे डाग बारा महिने तेवढाच होता, बरोबर डोक्याच्या उंचीवर होता आणि भिंत आतली होती. रंगाचा पापुद्रा काढून खालच्या पुट्टीवर पाण्याचा थेंब टाकला, तो तसाच उभा राहिला. हातभर बाजूला टाकलेला थेंब लगेच मुरला. डाग तेलाचाच होता आणि तो रंगाच्या खाली पुट्टीत उतरला होता.

विचारात घेतलेले पर्याय

अभ्र्यांसाठी सर्वात सोपा पर्याय सगळे टाकून नवे आणण्याचा होता. तो मी सुचवला नाही. उशाच आतून तेलकट असतील, तर नवा अभ्रा आतल्या बाजूने थोड्याच आठवड्यांत डागाळतो. दुसरा पर्याय लाँड्रीत देण्याचा होता. परंतु दर आठवड्याचे अभ्रे बाहेर देणे परवडणारे नव्हते. घरातच पद्धत बदलावी असे ठरले.

केसांना तेल लावणेच कमी करावे, अशीही एक सूचना घरातल्याच एकाने केली. आजींनी ती शांतपणे नाकारली आणि माझ्या मते ते योग्यच होते. वयस्कर माणसाची आयुष्यभराची सवय अभ्र्यासाठी मोडायला सांगणे बरोबर नाही, आणि तेल कायम ठेवूनही हा प्रश्न सुटण्याजोगा होता.

भिंतीसाठी चार मार्ग समोर आले. पहिला, रंगाऱ्याने सुचवलेले आणखी दोन हात. पाण्यात मिसळणारा रंग तेलावर धरत नाही आणि तेल हळूहळू त्यातून वर येते, हे त्या भिंतीने आधीच दाखवले होते. म्हणून हा मार्ग सोडला. दुसरा, त्या भागावर लाकडी किंवा लॅमिनेटचा पट्टा ठोकणे. तो टिकाऊ होता, पण गोंद तेलकट पुट्टीवर बसणार नव्हता, त्यामुळे खरवडण्याचे काम टळत नव्हतेच. तिसरा, टर्पेंटाइनने पुसून वर रंग देणे. वरवरच्या ताज्या डागाला तो पुरतो. येथे डाग अनेक वर्षांचा होता. चौथा मार्ग सर्वात धुळीचा आणि वेळखाऊ: पुट्टी खरवडून काढायची, भिंतीतले तेल जमेल तेवढे ओढून घ्यायचे, उरलेले सीलबंद करायचे आणि मग नेहमीप्रमाणे रंग द्यायचा. कुटुंबाने दोन दिवस विचार करून हाच निवडला.

सोफ्याबाबत मतभेद होते. मुलाला घरी येऊन सोफा शॅम्पूने धुऊन देणाऱ्यांना बोलवायचे होते. सुनेची भीती अशी की, पाठीचे कापड काढता येत नाही आणि भरपूर पाणी आत गेले तर फोम दिवसचे दिवस वाळणार नाही. तिची भीती सार्थ होती. आधी कोरडा प्रयत्न, मग कमीत कमी ओला प्रयत्न आणि तरी न साधल्यास नवे कापड, असा क्रम ठरला.

केलेली कृती: अभ्रे

पहिला बदल लहान होता आणि फळ सर्वाधिक देणारा होता. अभ्रा पाण्यात टाकण्याआधी, कोरड्या कापडावर, डागाच्या जागी भांडी घासण्याचे द्रव लावायचे. एका अभ्र्याला साधारण एक चमचा पुरतो. बोटांनी किंवा मऊ ब्रशने ते धाग्यात जिरवून अर्धा तास तसेच ठेवायचे. कापड आधीच ओले असेल तर धाग्यांतली जागा पाण्याने भरलेली असते आणि द्रव तेलापर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून कोरडेपणाचा आग्रह. वडीचा साबण मी थांबवायला सांगितला, कारण कठीण पाण्यात त्याचा राखाडी चोथा कापडावर बसतो आणि डाग अधिक मळकट दिसतो.

त्यानंतर नातींचे आणि आजींचे अभ्रे कोमट पाण्यात, हाताला सुखावह वाटेल इतक्या म्हणजे ४० अंशांच्या आसपास, एन्झाइम असलेल्या धुण्याच्या पावडरीत रात्रभर भिजवले. अशा काही पावडरींत वनस्पती तेलाचे आणि टाळूच्या स्निग्धांशाचे विघटन करणारा लायपेज नावाचा घटक असतो. उकळते पाणी ओतले तर तो निकामी होतो, म्हणून येथे घाई करून पाणी तापवायचे नाही. मुलाच्या अभ्र्याला या टप्प्याचा फारसा उपयोग नव्हता, कारण खनिज तेलावर हा घटक चालत नाही. त्याला भांड्यांचे द्रव दोनदा लावले, एवढेच.

सकाळी गरम धुलाई. एक भाग उकळते आणि एक भाग नळाचे पाणी मिसळले की, ६० अंशांच्या जवळ जाते. अर्ध्या बादलीत दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि नेहमीची पावडर घालून अभ्रे अर्धा तास ठेवले, हातमोजे घालून चोळले आणि मग यंत्रात टाकले. यंत्रात जाण्यापूर्वी भांड्यांचे द्रव हाताने खळबळून काढणे महत्त्वाचे, नाहीतर फेस बाहेर येतो. रेशमी किंवा लोकरी कापडाला हा सोडा आणि ही उष्णता चालत नाही. या घरात सगळे अभ्रे सुती किंवा मिश्र कापडाचे होते आणि मिश्र कापडासाठी पाणी थोडे कमी गरम ठेवले.

रंगाचा विचार यानंतर, तेल निघाल्याची खात्री झाल्यावरच केला. येथे या घराचा क्रम आधी उलटा होता: ब्लीच पहिले आणि तेल तसेच. तेलाच्या थराखाली असलेल्या रंगापर्यंत ब्लीच पोहोचत नाही आणि तेल काढणे हे त्याचे कामच नाही. पांढऱ्या अभ्र्यांवर उरलेला पिवळेपणा ऑक्सिजन ब्लीचच्या गरम पाण्यात काही तास भिजवल्यावर बराच उतरला. आजींच्या अभ्र्यावरचा हिरवा रंग मात्र उन्हाने काढला. वनस्पतींचा हिरवा रंग प्रकाशात टिकत नाही. तेल निघालेला अभ्रा ओलाच कडक उन्हात टाकला आणि वाळला की पुन्हा पाणी शिंपडले. दोन दुपारींत हिरवेपणा गेला. तेल शिल्लक असताना हाच अभ्रा वर्षानुवर्षे उन्हात वाळत होता, तेव्हा उन्हाने रंग थोडा उडाला तरी तेल अधिक घट्ट आणि पिवळे झाले होते.

क्लोरीनच्या ब्लीचची बाटली घरात असल्यामुळे एक सूचना लिहून भिंतीला लावली: त्यात व्हिनेगर, लिंबू किंवा शौचालय धुण्याचे आम्ल कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

उशांचे काम शेवटी. सर्व उशा कापसाच्या होत्या. खोळ उसवून पाहिली तेव्हा आजींच्या उशीतला एका बाजूचा कापूस पिवळा आणि गुठळ्यांचा झाला होता. तो भाग काढून टाकला, उरलेला कापूस पिंजून घेतला आणि नवी जाड खोळ शिवली. त्यावर एक साधा आतला अभ्रा आणि वर नेहमीचा, अशी दुहेरी व्यवस्था केली.

केलेली कृती: भिंत

रंगाऱ्याला आधी विश्वासात घेतले. आपले काम नाकारले जाते आहे असे त्याला वाटू नये, म्हणून त्याच्यासमोरच पाण्याच्या थेंबाची चाचणी केली. थेंब उभा राहिलेला पाहून तो म्हणाला, ‘‘ताई, ह्याच्यावर रंग नाही थांबायचा.’’ त्यानंतर त्याने काम मनापासून केले.

डागाच्या दिसणाऱ्या कडेपासून चार-पाच बोटे बाहेरपर्यंत रंग आणि पुट्टी पट्टीने खरवडून प्लास्टर उघडे केले. प्लास्टरवरही थेंब मुरायला वेळ लागत होता. मग खडूची पांढरी भुकटी मिनरल टर्पेंटाइनमध्ये कालवून थापता येईल असा जाड लगदा केला आणि तो भिंतीवर बोटाच्या जाडीचा थापून वर प्लास्टिक चिकटवले. टर्पेंटाइन तेल पातळ करते. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढले की लगदा वाळू लागतो आणि वाळताना ते तेल भुकटीत ओढले जाते. वाळलेला लगदा झाडून काढला तेव्हा तो स्पष्ट पिवळट होता. दुसऱ्या वेळी लावलेला लगदा बराच पांढरा निघाला, तेव्हा थांबलो. मुलतानी मातीनेही हेच होते, पण फिकट भिंतीवर तिचा स्वतःचा रंग मागे राहण्याचा धोका असतो.

या दिवसांत आजींची झोपण्याची व्यवस्था दुसऱ्या खोलीत केली, खिडक्या उघड्या ठेवल्या आणि शेजारच्या देवघरातला दिवा लावायचा नाही असे आजींनीच ठरवले. टर्पेंटाइनची वाफ पेट घेते. गॅसची शेगडी, निरांजन आणि उदबत्ती यांपैकी काहीही त्या हवेत चालत नाही. टर्पेंटाइनने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात न टाकता मोकळ्या हवेत पसरून वाळवली.

पुढचा निर्णय प्रायमरचा होता. लगदा सगळे तेल काढत नाही. प्लास्टरच्या खोल छिद्रांत ते काही प्रमाणात राहतेच. म्हणून पाण्यात मिसळणारा नेहमीचा प्रायमर टाळून सॉल्व्हंटवर आधारित प्रायमर, ज्याला रंगारी ऑइल प्रायमर म्हणतात, त्याचे दोन हात दिले आणि दोन्हींमध्ये पूर्ण एक दिवस ठेवला. हा थर खालचे तेल वर येऊ देत नाही. ओलसर भिंतीवर मात्र हा प्रायमर फुगतो, आणि ओलीची शंका आधी मिटवून घेणे येथे उपयोगी पडले. त्यावर ॲक्रिलिक पुट्टी, घासकाम, मग संपूर्ण भिंतीला प्रायमर आणि धुता येणाऱ्या इमल्शनचे दोन हात. फक्त डागापुरता रंग दिला असता तर चौकोनी ठिगळ दिसले असते.

केलेली कृती: सोफ्याची पाठ

येथे तेल खनिज प्रकारचे, कापड पॉलिस्टरचे आणि मागे फोम. पॉलिस्टरच्या धाग्याला तेलाची ओढ असते, त्यामुळे तो तेल सहज सोडत नाही. सोफ्याच्या खालच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर पांढरे ओले फडके घासून रंग निघत नाही हे आधी पाहिले.

मग पाठीवर मक्याचे पीठ भरपूर चोळले आणि रात्रभर ठेवून व्हॅक्यूमने ओढून घेतले. वरवरचा ओशटपणा गेला, डाग राहिला. ओल्या टप्प्यासाठी अर्धा लिटर कोमट पाण्यात एक चमचा भांड्यांचे द्रव घालून रवीने घुसळले आणि फक्त वरचा कोरडा फेस मऊ ब्रशने डागावर, कडेकडून मध्याकडे लावला. लगेच पांढऱ्या टॉवेलने दाबून टिपले. टॉवेल राखाडी येणे थांबेपर्यंत हे केले आणि नंतर साध्या पाण्यात पिळलेल्या टॉवेलने दोनदा पुसले. साबण कापडात राहिला तर त्यावर धूळ बसते आणि काही आठवड्यांत ती जागा पहिल्यापेक्षा मळकी दिसते. शेवटी शिवणीपासून शिवणीपर्यंत पूर्ण पाठ ओलसर फडक्याने पुसली, जेणेकरून पाण्याची गोल कड उमटणार नाही, आणि पंखा लावून वाळवले.

चार दिवसांनी डाग फिकट रूपात परत आला. कुटुंब निराश झाले. पण फोममध्ये साठलेले तेल वाळताना कापडाकडे सरकते, तेव्हा असे होतेच. दुसऱ्या फेरीत फेस टिपल्यानंतर कोरड्या पेपर टॉवेलची जाड घडी डागावर ठेवून, तिला रात्रभर उशी आणि खुर्चीच्या पाठीचा दाब दिला. वर येणारे तेल कापडाऐवजी त्या घडीत गेले.

घरात रेक्झिनची एक खुर्चीही होती आणि तिची पाठ चिकट झाली होती. तेल रेक्झिनमध्ये शिरून त्याचा पृष्ठभाग बिघडवते. एकदा तो चिकट होऊन तडकू लागला की धुऊन पूर्ववत होत नाही. थिनर लावण्याचा विचार मी थांबवला, कारण थिनर तो पृष्ठभागच विरघळवतो. खुर्चीला कापडी गवसणी शिवली.

परिणाम

बहुतेक अभ्रे स्वच्छ आणि बिनवासाचे झाले. ब्लीचने विरलेले सुती अभ्रे धुताना फाटले. मिश्र कापडाच्या काही अभ्र्यांवर फिकट पिवळी छाया राहिली. ते आतले अभ्रे म्हणून वापरात आले. मुलाच्या अभ्र्यांवर सर्वात लवकर यश आले, जरी सुरुवातीला तेच सर्वात हट्टी वाटले होते.

भिंतीने पुढचा पावसाळा आणि दिवाळी काढली. जुन्या डागाच्या जागी छाया आली नाही. एका बाजूला, जिथे खरवडणे डागाच्या कडेवरच थांबले होते, तिथे बोटभर रुंदीचा अतिशय फिकट पिवळा पट्टा उमटला आहे. दिवाणाच्या मागे आता आजींसाठी धुता येणाऱ्या गवसणीचा लोड उभा असतो, त्यामुळे तो दिसत नाही आणि भिंतीला डोकेही टेकत नाही.

सोफ्याची पाठ पूर्ण मूळ रंगावर आली नाही. चिकटपणा आणि मळकटपणा गेला, परंतु तिरप्या उजेडात ती जागा किंचित गडद दिसते. तिच्यावर सुनेने आजींच्या जुन्या पेटीतला क्रोशाचा रुमाल घातला. आपल्याकडे सोफ्यावरचे हे रुमाल शोभेचे समजले जातात. पण एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये पुरुषांच्या केसांना लावायच्या मॅकॅसर तेलापासून खुर्च्या वाचवण्यासाठीच असे रुमाल रूढ झाले होते. क्रोशाच्या जाळीतून मात्र तेल खाली झिरपते, म्हणून त्याला आतून जाड सुती अस्तर लावायला मी सांगितले.

वेगळे काय करता आले असते

भिंतीबाबत निर्णायक क्षण दसऱ्याआधीचा होता. रंग देण्यापूर्वी पाण्याचा एक थेंब टाकून पाहिला असता, तर पहिल्या रंगकामाचा सगळा खर्च वाचला असता. आणि त्याही आधी, डाग नवा असताना, डिस्टेंपरवर ओले फडके लावण्याऐवजी टिपकागद ठेवून त्यावरून कोमट इस्त्री फिरवली असती, तर बरेच तेल कागदात आले असते. डिस्टेंपर पाण्याने सुटतो, कागदाने नाही.

खरवडण्याची हद्द दिसणाऱ्या डागावरून ठरवणेही पुरेसे नव्हते. तेल डोळ्यांना दिसते त्यापलीकडे पसरलेले असते. भिंतीवर थेंब टाकत टाकत, तो लगेच मुरू लागतो तिथपर्यंत पेन्सिलने रेघ ओढून मग खरवडले असते, तर तो बोटभर पट्टा राहिला नसता.

अभ्र्यांसाठी आता घरात एकच नियम पाळला जातो: वाळलेला अभ्रा उजेडासमोर धरल्याशिवाय इस्त्रीला जात नाही. पारदर्शक ठिपका दिसला तर तो भांड्यांच्या द्रवाकडे परत जातो. शनिवारच्या तेलाच्या रात्री नातींच्या उशांवर जुना टॉवेल घालायचा आणि तो रविवारी दुपारीच, तेल ताजे असताना, गरम पाण्यात धुवायचा असेही ठरले आहे. थंडीच्या महिन्यांत यंत्र ४० अंशांवर चालते.

सोफ्याच्या पाठीबाबत माझे मत कुटुंबाला सांगितलेले आहे: फोमपर्यंत उतरलेले तेल घरगुती उपायांनी याहून फारसे कमी होणार नाही. पुढे कधी कापड बदलायचे झाले, तर पाठीचा वरचा फोमही त्याच वेळी बदलावा आणि नवे कापड चेन लावून काढता येईल असे शिवून घ्यावे. जुन्या फोमवर नवे कापड चढवले, तर डाग आतूनच पुन्हा येईल.